दोनदाच विचारता येणारा प्रश्न

भाजीच्या गाडीवर क्यूआर कोड लटकतो आहे. गिऱ्हाइकाने फोनवर नुकतंच घेतलेलं पैसे देण्याचं ॲप उघडलं, तर लागोपाठ प्रश्न: नोटिफिकेशन पाठवू? ठिकाण पाहू? कॅमेरा वापरू? मागे माणसं ताटकळलेली. बोट सरसकट नकारावर पडत गेलं. मग स्कॅन दाबल्यावर समोर नुसती काळी चौकट. ॲप बिघडलं असं समजून त्याने खिशातून नोट काढली.

बिघडलेलं काहीच नव्हतं. परवानगी नव्हती, आणि ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

2015 च्या अँड्रॉइड 6 पूर्वी ॲप घेतानाच सगळ्या परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागत. नंतर कॅमेरा, माइक अशा गोष्टी वापरतेवेळी विचारायची पद्धत आली. 2022 च्या अँड्रॉइड 13 मध्ये नोटिफिकेशनही त्यात आलं. पण विचारायच्या संधी मोजक्याच असतात. अँड्रॉइड 11 पासून दोनदा नकार मिळाला की फोन ती चौकट पुन्हा दाखवतच नाही. आयफोनवर तर एकच संधी.

म्हणून कॅमेऱ्याचा प्रश्न स्कॅनचं बटण दाबल्यावरच विचारावा. तेव्हा कारण माणसाच्या डोळ्यांसमोरच असतं. नोटिफिकेशनची परवानगी पहिला व्यवहार पार पडल्यावर, ‘पैसे पोहोचल्याची सूचना हवी का?’ असं विचारून मागावी.

पहिल्या नकारानंतर अँड्रॉइडमधलं `shouldShowRequestPermissionRationale()` हे फंक्शन `true` म्हणतं. याचा अर्थ, आता आपल्या शब्दांत कारण सांगा आणि मग विचारा. दुसऱ्या नकारानंतर ते `false` म्हणतं. गोम अशी की, एकदाही विचारलं नसेल तेव्हाही उत्तर `false`च असतं. एवढ्यावर विसंबलेलं ॲप अगदी नव्या माणसालाही थेट सेटिंग्जमध्ये पिटाळतं. विचारण्याआधी `true` आणि नकारानंतर `false`, असा बदल दिसला तरच दार बंद झालं असं धरावं आणि तशी नोंद ठेवावी.

दार बंद झाल्यावरही पैसे देणं अडायला नको. काळ्या चौकटीच्या जागी एक साधं वाक्य हवं: ‘कॅमेरा बंद आहे, म्हणून स्कॅन होत नाही.’ त्याखाली यूपीआय आयडी किंवा मोबाइल नंबर टाकायची सोय. क्यूआरचा फोटो फोनमध्ये असेल तर तोही निवडता यावा. फोनचाच फोटो पिकर वापरला तर त्याला वेगळी परवानगी लागत नाही. सेटिंग्जचं बटण सगळ्यांत शेवटी. ते थेट त्याच ॲपच्या पानावर न्यावं, कारण सेटिंग्जच्या जंगलात ‘परवानग्या’ शोधत बसायला गाडीपुढे कोणाला वेळ असतो?

आणि माणूस तिथून परतला की `onResume()` मध्ये परवानगी पुन्हा तपासावी. ही तपासणी राहून गेली, तर कॅमेरा सुरू करून आलेल्यालाही ‘कॅमेरा बंद आहे’ हेच वाक्य दिसत राहतं.