नानखटाईचा डबा लंडनला कसा जातो?

कोकणातल्या मुस्लिम घरांतून परदेशी राहणाऱ्या मुलालेकरांना नानखटाईचा डबा पाठवण्याची रीत जुनी आहे. आता त्या डब्याला पैसे देऊन घेणारे गिऱ्हाईकही मिळू लागले आहे. पण घरचा डबा पाठवणे वेगळे आणि विक्रीचा माल पाठवणे वेगळे. हा फरक न समजल्यामुळे आमच्या ओळखीच्या एका भगिनीला ईदच्या तोंडावर मोठा फटका बसला. त्यांचीच हकीकत आम्ही येथे देत आहोत, म्हणजे दुसऱ्या कोणाला तीच ठेच लागू नये.

या भगिनींनी लंडनजवळच्या एका ओळखीच्या घरी सहा डबे एकाच खोक्यात पाठवले. डबे सहा वेगवेगळ्या गिऱ्हाइकांचे होते आणि पैसे आधीच बँकेत जमा झाले होते. कुरियरच्या माणसाने सांगितले म्हणून कागदावर "भेटवस्तू, घरगुती खाऊ, किंमत दोनशे रुपये" असे लिहिले. तिकडच्या कस्टमने खोके अडवले. एकाच आकाराचे, छापील चिठ्ठी लावलेले सहा डबे दोनशे रुपयांची भेट कशी, असा सवाल आला. पैसे मिळाल्याचा पुरावा आणि मालातील घटक मागितले गेले. उत्तर पोहोचेपर्यंत ईद होऊन गेली. माल परत आला नाही आणि सहाही गिऱ्हाइकांचे पैसे परत करावे लागले.

ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंतच्या भेटीवर व्हॅट लागत नाही, हे खरे आहे. पण भेट म्हणजे एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला मोबदला न घेता पाठवलेली वस्तू. पैसे घेतले की ती विक्री झाली, मग रक्कम कितीही लहान असो. खोटी किंमत लिहिण्यात आणखी एक तोटा आहे. पार्सल हरवले तर भरपाई लिहिलेल्या किमतीच्या हिशोबानेच मिळते.

मग सरळ मार्ग कोणता? पहिला कागद म्हणजे आयात-निर्यात क्रमांक, म्हणजेच आयईसी. तो परदेश व्यापार महासंचालनालयाकडून पॅन कार्ड आणि बँक खात्याच्या आधारे घरबसल्या मिळतो, फी ५०० रुपये. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती संकेतस्थळावर पुन्हा पक्की करावी लागते, नाहीतर तो बंद पडतो. दुसरा कागद अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा. पुष्कळ भगिनींकडे गावात विकण्यापुरती नोंदणी असते. निर्यात करायची असेल तर अर्जात तसा प्रकार स्पष्ट नोंदवावा, कारण कोणता परवाना लागेल हे त्यावर ठरते. तिसरा जीएसटीचा. निर्यात ही आंतरराज्य विक्रीसारखी धरली जाते, म्हणून लहान व्यापाऱ्याला उलाढालीवर मिळणारी सूट खाण्याच्या मालाच्या निर्यातीत कामी येत नाही. नोंदणी करून हमीपत्र भरले की कर न भरता माल बाहेर पाठवता येतो. हे काम सनदी लेखापालाकडून एकदा करून घ्यावे.

माल टपालाने पाठवणे लहान व्यापाऱ्याला सोयीचे. टपाल खात्याने २०२२ पासून डाक घर निर्यात केंद्रे सुरू केली आहेत. तेथे टपाल निर्यात पत्र संगणकावर भरता येते आणि कस्टमची तपासणी विदेश डाकघरात होते. स्वतः मुंबईच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत. या पत्रात मालाचे नाव "खाऊ" असे मोघम लिहू नये. "गोड बिस्किटे, गव्हाच्या पिठाची, साखर व वनस्पती तेल घातलेली" असे इंग्रजीत लिहावे आणि त्यापुढे मालाचा क्रमांक १९०५ ३१ ०० टाकावा. वजन, नग आणि खरी किंमत बिलाशी जुळली पाहिजे. पार्सलवर चिकटवायच्या सीएन २३ या कागदावरही तेच आकडे असावेत. दोन कागदांत दोन किमती दिसल्या की खोके अडलेच समजा.

वनस्पती तेल असे आम्ही मुद्दाम लिहिले. परदेशातून येणाऱ्या दूध-मांसाच्या पदार्थांवर ब्रिटनची कडक बंदी आहे. खवा, पेढे, बर्फी, सुके मटण हे पाठवूच नये. भाजलेल्या बिस्किटांना बरीच सवलत आहे, तरी तुपाचे नाव वाचून तपासनीस प्रश्न विचारू शकतो. तेलावरच्या नानखटाईत तो प्रश्नच उरत नाही. मात्र डब्यात जे घातले तेच चिठ्ठीवर लिहावे. गहू, दूध, बदाम, पिस्ते यांसारखे त्रासदायक ठरू शकणारे घटक ठळक अक्षरांत हवेत. सोबत निव्वळ वजन आणि कोणत्या तारखेपर्यंत खावे हेही हवे.

कराची बाजूही समजून घेऊ. २०२१ पासून १३५ पौंडांपर्यंतच्या विक्रीवरचा ब्रिटिश व्हॅट विकणाऱ्याने भरायचा असतो. चॉकलेटचा थर नसलेल्या बिस्किटांवर तिथे व्हॅटचा दर शून्य आहे, थर दिला की पूर्ण दर लागतो. फक्त शून्य दराचा माल विकणाऱ्याला नोंदणीतून सूट मागता येते, पण ती मागावी लागते. या रकमेपर्यंत सध्या सीमाशुल्कही नाही. ही सूट मार्च २०२९ पर्यंत काढून टाकण्याची घोषणा ब्रिटन सरकारने २०२५ मध्ये केली आहे.

आता किमतीचा हिशोब. आकडे उदाहरणादाखल धरले आहेत, प्रत्येकीने आपले घालावेत. चारशे ग्रॅमची चार पाकिटे एकाच घरी जायची आहेत. माल ४१६ रुपये, तीन तासांची मजुरी २४० आणि डबे-खोके १२४, असे ७८० झाले. खासगी कुरियरचे दोन किलोचे २४०० धरले तर बेरीज ३१८०. पार्सल फुटणे किंवा अडणे यासाठी दहावा हिस्सा वेगळा काढला की सुमारे ३५०० होतात. त्यात ६०० रुपये नफा धरून ४१००. पैसे मागवण्याचा खर्च शेकडा ५ असेल तर ४१०० ला ०.९५ ने भागावे, म्हणजे सुमारे ४३१५ रुपये मागावे लागतात. गावात हजाराला जाणारा माल तिथे चौपट किमतीला पडतो. म्हणून गावच्या भावावर टपालखर्च चढवून भाव सांगणारा तोट्यात जातो.

कुरियरचे वजन नुसत्या काट्यावर ठरत नाही. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि काट्याच्या वजनापेक्षा हा आकडा मोठा असेल तर त्यावर पैसे घेतात. ३० बाय २५ बाय २० चे खोके म्हणजे तीन किलो, आत माल दोनच किलो असला तरी. तिसऱ्या किलोचे ६०० रुपये पडले तर वरचा सगळा नफा गेला. तोच माल ३० बाय २० बाय १६ च्या खोक्यात बसवला तर हिशोब दोन किलोच्या आत राहतो. आधी खोके ठरवावे, मग त्यात बसेल तेवढीच ऑर्डर घ्यावी.

आमच्या त्या भगिनी आता एका खोक्यात एकाच गिऱ्हाइकाची चार पाकिटे पाठवतात. बिल खरे असते, पैसे बँकेतून निर्यातीचे म्हणून येतात आणि बँकेची पावती त्या जपून ठेवतात. ईदची ऑर्डर मात्र दीड महिना आधीच घेतात, त्यानंतर आलेल्यांना नकार देतात.