ऑडिटच्या अहवालाला जोडलेलं एक पान

एप्रिल-मे म्हणजे आपल्या गटांच्या ऑडिटचे दिवस. कॅशबुक, कर्जवही, ठरावपुस्तक, सगळं पिशवीत भरून आपण संघाच्या कार्यालयात आणतो, सीए साहेब तपासतात आणि पंधरा-वीस दिवसांनी अहवाल हातात येतो. सही करून आपण तो घेतो आणि कपाटात ठेवून देतो. खरं तर ऑडिटची फी गट भरतो, म्हणजे या कामाचं गिऱ्हाईक गटच. पण अहवालाची भाषा अशी असते की पैसे भरणाऱ्या बाईलाच तो कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एका गटाला असाच नुसता अहवाल दिला होता. त्यात एक ओळ होती, ‘हाती रोख रक्कम कमी आढळली.’ बैठकीत कुणीतरी ती मोठ्यानं वाचली आणि पुढचं वाचायच्या आतच वस्तीभर झालं, की कोषाध्यक्ष बाईंनी पैसे खाल्ले. पैसे कुठेच गेलेले नव्हते, ते पुढे कागदावर दिसलंही. पण त्या ताई पुन्हा बैठकीला आल्या नाहीत. चूक आमची होती. तेव्हापासून आम्ही प्रत्येक अहवालाला एक पानाचं पत्र जोडतो. ते पत्र कसं लिहितो, ते यंदाच्या एका गटाच्या उदाहरणावरून सांगतो. गटाचं नाव सांगत नाही, कारण हिशोब त्यांचा आहे.

बारा जणींचा गट, महिन्याच्या दहा तारखेला बैठक. अहवालात तीन शेरे होते. अहवालात ते पानांच्या क्रमानं येतात, बँक आधी, रोख मग, कर्ज शेवटी. पत्रात आम्ही तो क्रम मोडला. ज्या शेऱ्यावरून भांडण होणार आणि ज्यावर लगेच काही करायचं आहे, तो आधी घेतला. तो म्हणजे रोखीचा.

अहवालातलं वाक्य असं होतं: ‘३१ मार्च अखेर कॅशबुकनुसार हाती शिल्लक १८,६४० रुपये, प्रत्यक्ष मोजणीत ६,१४० रुपये, १२,५०० रुपयांची तफावत.’ मोजणी झाली ९ एप्रिलला. मग ३१ मार्चशी तिची तुलना कशी, असं कुणीही विचारेल. मधल्या नऊ दिवसांत गटात एकही व्यवहार झाला नव्हता, म्हणून ३१ मार्चची शिल्लक तीच ९ तारखेलाही हवी होती. हे वाक्य अहवालात नव्हतं, ते आम्ही साहेबांना विचारून पत्रात घातलं. ते नसतं तर निम्मी बैठक तारखांवरच वाद घालत बसली असती.

आता पैसे कुठे गेले? २२ मार्चच्या रात्री एका सदस्येच्या मुलीला बाळंतपणासाठी दवाखान्यात न्यावं लागलं. कोषाध्यक्ष ताईंनी अध्यक्षांना फोन केला आणि घरात असलेल्या गटाच्या पैशातून साडेबारा हजार दिले. ठराव नाही, व्हाउचर नाही, कर्जवहीत नोंद नाही. ‘दहा तारखेच्या बैठकीत लिहू’ असं ठरलं आणि ऑडिट एक दिवस आधी आलं.

म्हणजे झालं काय, तर कॅशबुकात रोख साडेबारा हजारांनी जास्त दिसते आणि येणं कर्ज तेवढ्यानंच कमी दिसतं. दोन्हीची बेरीज केली तर गटाची मालमत्ता तेवढीच राहते. हे आम्ही पत्रात लिहिलं. पण ‘पैसे सुरक्षित आहेत’ असं लिहिलं नाही. कारण आजच्या घडीला त्या सदस्येनं तोंडी कबूल केलंय, एवढाच पुरावा आहे. उद्या ती नाही म्हणाली, किंवा ‘मी दहाच घेतले’ म्हणाली, तर गटाकडे दाखवायला कागद नाही. सीए साहेबांनी ‘तफावत’ म्हटलं ते यामुळेच. ते चोरी म्हणत नाहीत, पण हिशोब जुळला असंही म्हणू शकत नाहीत. पत्र लिहिताना सगळ्यात जास्त सांभाळायची जागा हीच असते. आपल्या ओळखीची बाई असली की शेरा मऊ करावासा वाटतो. तसं केलं, की पत्र एक सांगतं आणि अहवाल दुसरंच, आणि मग दोन्हींवरचा विश्वास जातो. म्हणून आम्ही पत्र आधी साहेबांना वाचून दाखवतो आणि खाली लिहितो, की पत्र समजण्यासाठी आहे, प्रमाण मूळ अहवालच.

या शेऱ्यावर काय करायचं, तेही लिहिलं. पुढच्या बैठकीत ठराव करा. त्यावर त्या दिवसाचीच तारीख टाका आणि मजकुरात ‘२२ मार्चला रक्कम दिली होती’ असं स्पष्ट म्हणा. सदस्येची सही घ्या, कर्जवहीत नोंद करा, हप्ता ठरवा. मार्चचं पान खोडू नका आणि मागची तारीख टाकून व्हाउचर करू नका. उशिरा केलेली खरी नोंद चालते. मागच्या तारखेचा कागद पकडला गेला, तर मग खरंच चोरीचा वास येतो.

आणि एक गोष्ट. या गटाचा स्वतःचाच ठराव आहे, की घरात दोन हजारांपेक्षा जास्त रोख ठेवायची नाही. मग १८,६४० रुपये घरात कसे राहिले? बँक चौदा किलोमीटर लांब, दहा तारखेला वसुली गोळा होते आणि भरायला जायला कुणाला वेळ नसतो. दवाखान्याची ती रात्र निमित्त झाली, मूळ दुखणं हे. पत्रात आम्ही एक ओळ टाकली: बैठकीनंतर तीन दिवसांत पैसे कोण भरणार, तिचं नाव दर महिन्याच्या ठरावात लिहा.

दुसरा शेरा व्याजाचा. यावर बैठकीत कुणी आरडाओरडा करत नाही, पण नुकसान यातच होतं. गटाचा नियम आहे महिना दोन टक्के, उरलेल्या मुद्दलावर. एका सदस्येनं २०,००० रुपये घेतले, दर महिन्याला २,००० मुद्दल, दहा हप्ते. पहिल्या महिन्याचं व्याज ४०० रुपये. दुसऱ्या महिन्यात मुद्दल १८,००० उरलं, म्हणून व्याज ३६०, मग ३२०, असं उतरत शेवटच्या महिन्यात ४०. सगळं मिळून २,२०० रुपये. पण हिशोब लिहिणाऱ्या ताईंनी दहाही महिने ४०० च घेतले, म्हणजे ४,०००. गटानं त्या बाईकडून १,८०० रुपये जास्त घेतले. तिच्या पासबुकावरही ४०० चंच लिहिलेलं, म्हणून तिला कधी शंका आली नाही.

ही चूक घरबसल्या ओळखता येते. आपलं पासबुक काढा आणि व्याजाचा रकाना बघा. मुद्दल फेडत असूनही व्याजाचा आकडा महिनोन्महिने तोच असेल, तर विचारा. गटाचा नियमच सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर व्याज घ्यायचा असेल तर गोष्ट वेगळी, पण मग तसा ठराव हवा.

इथे ऑडिटची एक मर्यादा पत्रात सांगावीच लागते. गटात एकोणीस कर्जं चालू होती. साहेबांनी त्यातली चार नमुन्यादाखल तपासली आणि एकात ही चूक सापडली. म्हणजे उरलेली पंधरा बरोबर आहेत असं अहवाल म्हणत नाही. त्यांच्याकडे पाहिलेलंच नाही. पत्रात आम्ही लिहिलं, की १,८०० रुपये सदस्येला परत द्या आणि बाकीच्या पंधरा कर्जांचं व्याज गटानं स्वतः पुन्हा मांडावं.

तिसरा शेरा बँकेचा. पासबुकात ४७,३१०, कॅशबुकात बँक शिल्लक ४१,८१०. साडेपाच हजारांचा फरक बघून छातीत धस्स होतं, पण हा सगळ्यात साधा. २८ मार्चला एका सदस्येला ५,००० चा चेक दिला, तो तिनं एप्रिलमध्ये वटवला. आपण लिहिला, बँकेपर्यंत पोचला नव्हता. बँकेनं ६२० रुपये व्याज जमा केलं आणि १२० रुपये शुल्क कापलं, ते आपण लिहिलं नव्हतं. ४१,८१० मध्ये ५,००० आणि ६२० मिळवा, १२० वजा करा, ४७,३१० येतात. करायचं एवढंच, की व्याजाची आणि शुल्काची नोंद घ्यायची. चेकचं मात्र लक्षात ठेवा, तीन महिन्यांत वटवला नाही तर तो बाद होतो.

अहवालाच्या शेवटी एक वाक्य होतं: ‘वर नमूद केलेल्या बाबी वगळता हिशोब खरी व योग्य स्थिती दाखवतात.’ यातल्या ‘वगळता’ या शब्दावर आम्ही पत्रात दोन ओळी खर्च केल्या. कुणी म्हणतं नापास झालो, कुणी फक्त शेवटचे शब्द वाचून म्हणतं सगळं चांगलं आहे. अर्थ एवढाच, की नेमक्या त्या बाबी सोडल्या तर बाकीच्या हिशोबावर भरवसा ठेवता येतो. हिशोबच विश्वासार्ह नसता तर साहेबांनी तसं सरळ लिहिलं असतं, आणि कागदच दिले नसते तर ‘मत देता येत नाही’ असं लिहिलं असतं.

पत्रात कुणाचंही नाव घातलं नाही, फक्त पद. प्रत्येक मुद्द्यापुढे अहवालाचा पान क्रमांक घातला, म्हणजे ज्यांना वाचता येतं त्यांना ताडून बघता येईल. अक्षर मोठं. बैठकीत अध्यक्षांऐवजी आमच्यापैकी एकीनं ते वाचलं, कारण पहिल्या शेऱ्यात अध्यक्षांच्या फोनचा उल्लेख होता.

रोखीचा मुद्दा वाचल्यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग जिनं पैसे घेतले होते ती सदस्या उठली, म्हणाली, ‘साडेबाराच घेतले, लिवा.’ तिथेच ठराव झाला, सही झाली, महिना १,२५० चे दहा हप्ते ठरले. कोषाध्यक्ष ताई त्याच पदावर आहेत. व्याजाच्या पंधरा कर्जांपैकी अकरा तपासून झालीत. दोनमध्ये तीच चूक निघाली. चार पासबुकं सदस्यांनी घरून आणायची आहेत, येत्या दहा तारखेला.