आधी टाकीचं माप ठरवा

एक नळ टाकी 12 तासांत भरतो, दुसरा 15 तासांत, आणि तळाची तोटी भरलेली टाकी 20 तासांत रिकामी करते. इथे तासांची बेरीज करून काहीच हाती लागत नाही. बेरीज होते ती वेगांची. 12, 15, 20 यांचा लसावि 60, म्हणून टाकी 60 बादल्यांची माना. मग नळ तासाला 5 आणि 4 बादल्या भरतात, तोटी 3 काढते. तिन्ही चालू असताना तासाला 6 बादल्या साठतात. 4 तासांनी तोटी बंद केली, तर 24 भरलेल्या, 36 उरल्या. आता वेग 9, म्हणून आणखी 4 तास.

खरी अडचण येते ती ‘काम संपण्याच्या 6 दिवस आधी पहिला गवंडी निघून गेला’ अशा वाक्यात. तो किती दिवस होता, हेच माहीत नसतं. गवंड्यांचे वेगही 5 आणि 4 धरा, काम 60. पहिला शेवटपर्यंत थांबला असता, तर 30 जास्त झालं असतं. म्हणून 90 भागिले 9, एकूण 10 दिवस. पडताळा घ्याच: पहिल्याचे 4 दिवस म्हणजे 20, दुसऱ्याचे 10 दिवस म्हणजे 40.