व्याज वाढलं की बचत वाढते का?

4 मे 2022 रोजी रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या बैठकीची वाट न पाहता रेपो दर 4 टक्क्यांवरून 4.40 टक्के केला. फेब्रुवारी 2023 उजाडेपर्यंत तो 6.50 टक्क्यांवर पोहोचला. बँकांनी कर्जाचे दर लगोलग वाढवले, ठेवींचे सावकाश. अशा वेळी एक समजूत हमखास ऐकायला मिळते: व्याज वाढलं की लोक हात आखडता घेतात आणि जास्त पैसे शिल्लक टाकतात. कर्जदाराच्या घरात हे बहुतेक वेळा खरं ठरतं. ठेवीदाराच्या घरात मात्र नेमकं उलटंही घडू शकतं, आणि तसं घडलं म्हणून त्या माणसाचा हिशेब चुकला असं नसतं.

एक घर घेऊन पाहू. एका शिक्षिकेला दहा वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी 10 लाख रुपये हवे आहेत. व्याज 6 टक्के असेल आणि ते दरमहा जमा होत असेल, तर तिला महिन्याला साधारण 6,100 रुपये बाजूला टाकावे लागतात. समजा दर 8 टक्के झाला आणि पुढची दहा वर्षं तोच राहिला. आता त्याच 10 लाखांसाठी 5,465 रुपये पुरतात. म्हणजे महिन्याला 635 रुपये मोकळे झाले.

तिचं लक्ष फक्त त्या 10 लाखांवर असेल, तर ती आरडीचा हप्ता 635 रुपयांनी कमी करील आणि तेवढे पैसे घरात खर्च करील. व्याज वाढलं आणि बचत घटली! पण ती असाही विचार करू शकते की पूर्वी दरमहा 100 रुपये टाकले तर दहा वर्षांनी 16,400 च्या आसपास मिळायचे, आता 18,300 मिळतात. आजचा खर्च थोडा आवरला तर उद्याच्या पदरात पूर्वीपेक्षा जास्त पडतं. या विचाराने ती बचत वाढवील. दोन्ही ओढी एकाच वेळी, एकाच माणसाच्या मनात असतात. अर्थशास्त्रात दुसऱ्या ओढीला पर्यायता परिणाम म्हणतात आणि पहिलीला उत्पन्न परिणाम.

या दोन्ही वेगळ्या कशा करायच्या, याची युक्ती रशियन अर्थतज्ज्ञ युजेन स्लुट्स्की यांनी 1915 मध्ये मांडली. त्यांनी ती वस्तूंच्या किमतींसाठी सांगितली होती, पण व्याज ही आजच्या आणि उद्याच्या खर्चातली किंमतच असल्यामुळे ती इथेही चालते.

दर 8 टक्के झाला, पण त्याच दिवशी शिक्षिकेच्या पगारातून दरमहा 635 रुपये कापले जाऊ लागले, अशी कल्पना करा. आता ती श्रीमंत झालेली नाही. घरचा खर्च पूर्वीइतकाच ठेवून 5,465 रुपये टाकले तर 10 लाखही पूर्वीइतकेच मिळतील. बदललं ते एवढंच, की आजचा खर्च उद्याच्या मानाने महाग झाला. म्हणून ती खर्चात थोडी काटछाट करून समजा 300 रुपये जास्त टाकते: 5,765 रुपये. हा 300 रुपयांचा फरक म्हणजे निव्वळ पर्यायता परिणाम. त्याची दिशा ठरलेली आहे. तो बचत वाढवतो.

आता कापलेले 635 रुपये तिला परत द्या. हातात पैसे आले की माणूस सगळेच पुढे ढकलत नाही. समजा त्यातले 400 ती आज खर्च करते आणि 235 टाकते. बचत झाली 6,000 रुपये, म्हणजे मूळच्या 6,100 पेक्षा 100 कमी. तरीही दहा वर्षांनी तिच्या हाती 10 लाख 97 हजारांच्या आसपास येतील. आज खर्च जास्त, उद्याही जास्त, आणि मासिक बचत मात्र कमी. तिने 400 ऐवजी 200 खर्च केले असते, तर बचत 6,200 झाली असती. म्हणजे ठेवीदाराची बचत वाढेल की घटेल, हे केवळ तर्काने सांगताच येत नाही. ते त्या घराच्या गरजांवर ठरतं. ठरावीक रकमेचं लक्ष्य असलेल्या घरात उत्पन्न परिणाम जड ठरतो. सेवानिवृत्त जोडप्याचंही तसंच. 20 लाखांच्या ठेवीवर साडेपाच टक्क्यांऐवजी 7 टक्के मिळू लागले, तर महिन्याला 9,167 रुपयांच्या जागी 11,667 येतात, आणि ज्यांचं घर व्याजावरच चालतं त्यांचा खर्च वाढणं स्वाभाविक आहे.

यात एक अट आहे, ती विसरून चालत नाही. महागाई वजा केल्यावर उरलेलं व्याज वाढलं तरच हा सगळा हिशेब लागू होतो. एप्रिल 2022 मध्ये किरकोळ महागाई 7.79 टक्के होती. तेव्हा साडेपाच टक्क्यांची ठेव खरं तर दरवर्षी झिजत होती.

कर्जदाराकडे ही चढाओढ नसते. दर वाढला की आज उसनवारी करून खर्च करणं महाग होतं, आणि जुन्या कर्जाचं ओझं वाढल्याने तो गरीबही होतो. दोन्ही परिणाम खर्च कमी करण्याकडेच ओढतात. 20 वर्षांच्या 30 लाखांच्या गृहकर्जाचा हप्ता 7 टक्क्यांना 23,259 रुपये येतो आणि साडेनऊ टक्क्यांना 27,964. महिन्याला 4,700 रुपयांची ही खोट कुठून तरी भरून काढावीच लागते. दरवाढीचा चटका घरांना बसतो तो मुख्यतः इथे, ठेवीदारांच्या काटकसरीतून नव्हे, असं माझं मत आहे.

पण आपल्याकडे हा चटका बरेचदा लगेच जाणवत नाही, कारण तरत्या दराच्या कर्जात बँका हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात. वरच्याच उदाहरणात कर्ज अगदी नवं असताना दर साडेनऊ टक्के झाला, तर पहिल्या महिन्याचं व्याजच 23,750 रुपये होतं. म्हणजे जुना हप्ता व्याजालाही पुरत नाही आणि मुद्दल फिटण्याऐवजी फुगू लागतं. घरात खर्च पूर्वीसारखाच चालू राहतो, आपण गरीब झालो हे कळायला उशीर होतो.

2022-23 मध्ये भारतीय कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे 5 टक्क्यांपर्यंत घसरली. कित्येक दशकांतली ती नीचांकी पातळी होती. दर चढत असतानाच बचत आटली. तरी यावरून उत्पन्न परिणाम जिंकला असा निष्कर्ष काढू नये. करोनाकाळात सक्तीने साठलेले पैसे त्या वर्षी बाहेर पडत होते, आणि लोकांनी कर्जंही भरपूर घेतली. निव्वळ बचतीतून ती वजा होतात. एकूण आकड्यात ठेवीदार, कर्जदार आणि महागाई सगळं मिसळून जातं.

18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने सांगितलं आहे, की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं करायचं, याची निवड कर्जदाराला दिली पाहिजे आणि मुदतवाढीमुळे मुद्दल फुगता कामा नये. तुमचं कर्ज तरत्या दराचं असेल, तर बँकेकडून शिल्लक मुद्दल आणि उरलेल्या हप्त्यांची संख्या आजच लेखी मागून घ्या.