फुफ्फुसांच्या मुळाशी गाठी म्हणजे टीबीच?

सोलापुरात छातीच्या फोटोत ‘दोन्ही बाजूंच्या हायलर गाठी वाढल्या आहेत’ असं आलं, की घरात पहिलं नाव निघतं ते टीबीचं. विडी आणि यंत्रमागावर जगणाऱ्या या शहरात ते साहजिकच आहे. पण टीबीचा जंतू न सापडताच एकेटी सुरू होते, कोर्स संपतो आणि गाठी तशाच राहतात, तेव्हा सार्कॉइडोसिसची आठवण व्हायला हवी.

श्वासाबरोबर आत गेलेले कण फुफ्फुसातल्या भक्षकपेशी गिळतात. त्यांचे अंश लसीकावाहिन्यांतून फुफ्फुसाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींपर्यंत पोहोचतात. तिथे लिम्फोसाइट ते ‘परके’ म्हणून ओळखतात आणि रासायनिक संदेश सोडून आणखी भक्षकपेशी बोलावतात. न पचणाऱ्या त्या कणाभोवती या पेशी एकमेकींना चिकटून घट्ट वेढा घालतात, काही मिसळून महापेशी होतात. हाच ग्रॅन्युलोमा. म्हणजे ती कॅन्सरची गाठ नव्हे. असे शेकडो वेढे ग्रंथीत साचले की ती फुगते. सार्कॉइडोसिसमध्ये नेमकं कशामुळे हे पेटतं ते अजून सापडलेलं नाही; पण प्रतिक्रिया दोन्ही फुफ्फुसांत चालत असल्याने गाठी बहुधा दोन्हीकडे सारख्या वाढतात. टीबीत त्या बऱ्याचदा एका बाजूला जास्त असतात. बहुधा म्हणतो, कारण अपवाद दोन्हीकडे आहेत.

समजा, पस्तिशीतल्या एका बाईंना दोन महिने कोरडा खोकला आणि थकवा आहे. वजन टिकून आहे, ताप नाही. फोटोत दोन्हीकडे गाठी, मांटू टेस्ट मात्र निगेटिव्ह. ज्या देशात कित्येक निरोगी मोठ्या माणसांचीही मांटू पॉझिटिव्ह येते, तिथे ही गोष्ट बोलकी आहे. मग श्वासनळीतून दुर्बीण घालून सुईने गाठीचा तुकडा घेतात. रिपोर्ट येतो: ग्रॅन्युलोमा आहेत, पण मध्यभागी पनीरासारखा मऊ, मृत भाग नाही. टीबीत तो सहसा असतो. तरी इथे थांबायचं नाही. सुरुवातीच्या टीबीतही तो नसू शकतो, म्हणून त्याच नमुन्याची सीबीनॅट आणि कल्चर हवंच. कल्चरला सहा आठवडे लागू शकतात.

ही वाट पाहणं का महत्त्वाचं? टीबी असताना सार्कॉइडोसिस समजून नुसतं स्टिरॉइड दिलं तर तो पसरू शकतो. शिवाय सार्कॉइडोसिसमध्ये फक्त गाठी असलेल्या, दम न लागणाऱ्या बहुतेकांना औषधच लागत नाही. निम्म्याहून अधिक जणांच्या गाठी काही वर्षांत आपोआप विरतात. डोळे, हृदय मात्र एकदा तपासून घ्यावेच. आणि हा आजार संसर्गजन्य नाही, त्यामुळे ताट-वाटी वेगळी ठेवायचं कारण नाही.

एक गोष्ट मात्र टाळा: थकवा आहे म्हणून मेडिकलमधून ड जीवनसत्त्वाच्या पुड्या आणून घेऊ नका. ग्रॅन्युलोमातल्या पेशी स्वतःच त्याचं सक्रिय रूप बनवतात. रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. आधी कॅल्शियम तपासा, मग डॉक्टरांना विचारा.