हाताने पाय चार्ट काढताना वर्तुळ पुरत का नाही?



विक्रीची वही पाहून पाय चार्ट काढायला बसलात, कंपासने छान वर्तुळ काढलं, कोनमापकाने एकेक भाग पाडला, आणि शेवटी एक फट उरली. कुठल्याच पदार्थाची नाही अशी मोकळी फट! किंवा उलटं झालं, शेवटच्या भागाला जागाच उरली नाही. बहुतेक जण अशा वेळी कोनमापकाला दोष देतात. पण चूक बहुतेकदा आकडेमोडीत झालेली असते, आणि तीही एकाच ठराविक जागी. आज तेवढंच बघू.

आपण एक नाश्ता सेंटर घेऊ. मालकीणबाईंनी रविवारी दिवसभर वहीत ताळ्याच्या खुणा केल्या. प्रत्येक प्लेटला एक उभी रेघ, पाचवी आडवी. रात्री मोजलं तर असं निघालं:

मिसळ – ५८
पोहे – ४७
उपमा – ३१
साबुदाणा खिचडी – २२
साबुदाणा वडा – १२
एकूण – १७०

हीच आपली वारंवारता सारणी. पुढे जायच्या आधी एकूण पुन्हा एकदा मोजा, कारण तो आकडा चुकला तर खालचा प्रत्येक कोन चुकणार. आणि एक प्लेट एकाच ओळीत मोजली गेली आहे ना, हेही बघा. "तुम्हाला काय काय आवडतं?" असं विचारून एका गिऱ्हाइकाच्या तीन उत्तरांना तीन खुणा केल्या असतील, तर पाय चार्टमधून "इतके टक्के गिऱ्हाईक" असं वाचता येत नाही. तिथे साधा स्तंभालेख काढावा.

आता कोन. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं, आणि ते १७० प्लेटांत वाटायचं. म्हणून:

कोन = (त्या पदार्थाच्या प्लेट × ३६०) ÷ एकूण प्लेट

सूत्र शाळेतलंच आहे. गडबड होते ती क्रमात. पुष्कळ जण आधी ३६० ला १७० ने भागतात. उत्तर येतं २.११७६ आणि पुढे बरंच काही. मग "सोयीसाठी" त्याचे २ करतात आणि सगळ्यांना २ ने गुणतात. मिसळ ११६, पोहे ९४, उपमा ६२, खिचडी ४४, वडा २४. करा बेरीज: ३४०! तब्बल २० अंश गायब. वड्याचा पूर्ण भाग २५ अंशांचा आहे, म्हणजे जवळपास एक पदार्थच कमी पडला. बरं, २.१ धरले तरी बेरीज ३५७ येते. कारण सोपं आहे. एका प्लेटमागे केलेली छोटीशी काटछाट १७० वेळा गुणली जाते.

म्हणून नियम एकच: आधी गुणा, मग भागा, आणि पूर्णांक सगळ्यात शेवटी करा. मिसळीचं बघा: ५८ × ३६० = २०,८८०, आणि भागिले १७० म्हणजे १२२.८२. असेच बाकीचे:

मिसळ – १२२.८२
पोहे – ९९.५३
उपमा – ६५.६५
खिचडी – ४६.५९
वडा – २५.४१

बेरीज बरोबर ३६०. इथे बेरीज ३६० च्या अगदी जवळ आली नाही तर पुढे जाऊ नका, मागे कुठेतरी चूक आहे.

आता कोनमापकावर ९९.५३ काही दिसत नाही, म्हणून पूर्णांक करावाच लागतो. नेहमीसारखा केला तर १२३, १००, ६६, ४७, २५, आणि बेरीज ३६१. एक अंश जास्त! घाबरू नका, ही तुमची चूक नाही. पाचपैकी चार आकडे वर सरकले, म्हणून तसं झालं. मग एक अंश कोणाचा काढायचा? जो वर सरकताना सगळ्यात काठावर होता, त्याचा. पोह्यांचे ९९.५३ होते, म्हणजे अर्ध्याच्या जेमतेम वर. त्यांना ९९ च ठेवा. आता १२३ + ९९ + ६६ + ४७ + २५ = ३६०. एक अंश कमी पडला असता तर उलटं करायचं: खाली सरकलेल्यांत ज्याचा अपूर्णांक सगळ्यात मोठा, त्याला एक द्यायचा.

आता कागदावर येऊ. त्रिज्या ६ सेंटिमीटर घ्या. एवढ्या वर्तुळावर १ अंश म्हणजे कडेला साधारण १ मिलिमीटर, त्यामुळे वरची तडजोड डोळ्याला कळतही नाही. कोन मात्र एकापुढे एक, दरवेळी नव्या रेषेवर कोनमापक ठेवून मोजू नका. प्रत्येक वेळी अर्धा अंश चुकला तर चुका साठत जातात. त्याऐवजी कोनांची चढती बेरीज करा: १२३, २२२, २८८, ३३५, ३६०. मग घड्याळातल्या १२ पासून ६ पर्यंत पेन्सिलीने हलका व्यास काढा. उजव्या बाजूला १२ च्या टोकापासून १२३ वर खूण करा. आता कोनमापक डाव्या बाजूला घ्या आणि ६ च्या टोकापासून मोजा. १८० वजा केले की खुणा येतात ४२, १०८ आणि १५५ वर. केंद्रापासून चारही खुणांना रेषा ओढा, १२ ची रेषा ठेवा आणि खालचा अर्धा व्यास पुसून टाका.

कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असतात, तिथे जरा सांभाळा. मिसळीचा कोन काटकोनापेक्षा मोठा दिसायला हवा. लहान दिसला तर तुम्ही दुसऱ्या ओळीवर ५७ च्या जागी खूण केली आहे. आणि वड्याचा भाग मुद्दाम आखू नका. तो आपोआप उरतो. तो मोजा. २५ च्या आसपास आला तर चित्र बरोबर.

आता चित्राकडे बघून मालकीणबाई म्हणतील, "पोहे पाव धंदा देतात की!" इथे थांबा. हे वर्तुळ प्लेटांचं आहे, पैशांचं नाही. समजा मिसळ ८० रुपये, पोहे आणि उपमा २५, खिचडी ५० आणि वडा ४५. मग गल्ला होतो ८,२३० रुपये. त्यात मिसळीचे ४,६४० आणि पोह्यांचे १,१७५. तेच सूत्र लावा, फक्त प्लेटांच्या जागी रुपये घाला. मिसळ जाते २०३ अंशांवर, म्हणजे अर्ध्या वर्तुळाच्याही पुढे, आणि पोहे ९९ वरून येतात ५१ वर. सकाळी किती पोहे भिजवायचे हे पहिलं वर्तुळ सांगतं. गल्ला कशावर चालतो हे दुसरं. आणि नफा यातलं कुठलंच सांगत नाही, त्यासाठी खर्च वजा करून तिसरी सारणी लागेल.

म्हणून चित्राच्या डोक्यावर "प्लेट, एकूण १७०" असं ठळक लिहून ठेवा. महिन्याभराने वही उघडाल तेव्हा वर्तुळ कशाचं होतं, हे तुम्हालाच आठवणार नाही.