पाठीवरची गाठ: चरबीची की पिशवीची?

पाठीवर सुपारीएवढी गाठ, दुखत नाही, वर्षानुवर्षे तेवढीच. सर्जन आधी तिच्या कडेवर बोट दाबतात. कड बोटाखालून निसटली आणि वरची त्वचा गाठीवर मोकळी सरकली, तर बहुधा ती चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा. ती त्वचेखालच्या चरबीच्या थरात असते आणि हाताला मऊ लागते.

एपिडर्मॉइड सिस्टचं तसं नाही. ती त्वचेलाच चिकटलेली असते. चिमटीत धरली तर त्वचेसकट हलते. नीट पाहिलं तर मध्यावर बारीक काळा ठिपका दिसतो. हे पिशवीचं तोंड. ते प्रत्येक गाठीवर दिसतंच असं नाही, पण दिसलं तर निदान जवळपास पक्कं. आत केराटिनचा पांढरा, दुर्गंधी लगदा असतो.

तो पिळून काढायचा मोह अनेकांना होतो. पिशवी आतच फुटते, गाठ लाल होऊन ठणकते आणि अस्तर शिल्लक राहिल्याने पुन्हा भरते.

पाच सेंटिमीटरहून मोठी, भराभर वाढणारी, कडक किंवा खोलवर घट्ट बसलेली गाठ मात्र केवळ बोटांनी ठरवू नये. तिथे सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो.